गाणंही माझं, आवाजही माझाच

प्रश्न: आम्ही स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ मोबाईलवर शूट करतोय. लिप सिंकसाठी सेटवर ब्लूटूथ स्पीकर चालेल का? आणि शूटच्या वेळी खरंच गायचं की नुसते ओठ हलवायचे?

ब्लूटूथ चालतो. आणि खरंच गायचं, अगदी पूर्ण दमानं. या दुसऱ्या मुद्द्यावरून आमच्या घरात अजून वाद होतात, म्हणून तर लिहायला बसले.

गाणं माझं होतं. चाल माझी, आवाज माझा, रेकॉर्डिंगचे पैसेही माझे. चुलतभाऊ लग्नांचे व्हिडिओ करतो, तेव्हा दिग्दर्शन त्याच्याकडे जाणार हे ठरलेलंच. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी लवकर पोचलो. पायऱ्यांवर दोन-तीन बायका कपडे धूत होत्या, चार पोरं बघायला जमली. स्पीकरवर मुखडा लागला, मी तोंड उघडलं आणि गायला लागले. दोन ओळीसुद्धा झाल्या नाहीत तोच दादा ओरडला, "अगं, गातेस काय? नुसते ओठ हलव. तुझा आवाज कॅमेऱ्यात गेला तर मागाहून ट्रॅक जुळवताना सगळा घोळ होईल." लोक बघत होते, मलाही लाजल्यासारखं झालंच होतं. मी गप्प ओठ हलवले. दिवसभर.

व्हिडिओ टाकल्यावर आत्याचा फोन आला. "छान दिसतेस गं. गाणं कुणी गायलंय?"

पुढच्या आठवडाभरात हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. दादाचं म्हणणं, सिंकमध्ये काही चूक नाही. मी त्याच्या शेजारी बसून एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं आणि तो खरं बोलत होता. मराठीत सिंक तपासायची सोपी जागा म्हणजे प, फ, ब, भ, म. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. "पावसा, भिजव मला" या ओळीत प, भ आणि म तिन्ही ठिकाणी ओठ नेमक्या फ्रेमला मिटत होते. पण ओळीच्या आधी घेतलेला श्वास कुठे दिसत नव्हता. वरच्या सुरावर गळ्याची शीर ताणलेली नाही, जबडा खाली आलेला नाही. 'मला'मधला 'ला' गाण्यात चार मात्रा चालतो, आणि माझं तोंड दोन मात्रांतच मिटायला लागलं होतं, कारण तोंडात सूरच नव्हता. बघणाऱ्याला यातलं काही सांगता येत नाही. त्याला फक्त वाटतं की आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

दादाच्या आक्षेपात तथ्य होतं, पण त्याला उपाय होता. कॅमेऱ्यातला आवाज अंतिम व्हिडिओत वापरायचा नसतो. तो फक्त मूळ गाण्याशी जुळवण्यापुरता हवा असतो. आमचा स्पीकर होता तळहाताएवढा, म्हणून माझा आवाज त्याच्यावर चढत होता. दुसऱ्यांदा शूट केलं तेव्हा गणपती मंडळाचा मोठा स्पीकर मागून आणला आणि मी गळा फाडून गायले. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं ट्रॅक जुळवून दिला. तेव्हा गायकाला गप्प करू नका, स्पीकर मोठा आणा.

आता ब्लूटूथ. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा निघतो हे खरं, पण तुम्हीही त्याच स्पीकरवर ऐकून गाताय आणि कॅमेऱ्याचा माईकही तोच स्पीकर ऐकतोय. दोघांना उशीर सारखाच, म्हणजे काही बिघडत नाही. बिघडतं ते गाणारीच्या कानात ब्लूटूथ इयरफोन आणि कॅमेऱ्याजवळ वेगळा स्पीकर असेल तेव्हा. ते करू नका.

आमचे लांबचे शॉट चुकले होते आणि दादानं खापर ब्लूटूथवरच फोडलं होतं. मी म्हटलं, ब्लूटूथचा दोष असता तर जवळचे शॉटही तेवढेच चुकले असते. ते तर बरोबर होते. मग लक्षात आलं. त्या शॉटला स्पीकर माझ्या पायाशी होता आणि कॅमेरा सुमारे 70 मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागला. 25 फ्रेमच्या व्हिडिओत ह्या झाल्या 5 फ्रेम. सॉफ्टवेअरनं इमानदारीत त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी मूळ गाणं जुळवलं आणि ओठ 5 फ्रेम आधी हलायला लागले. तो क्लिप टाइमलाइनवर 5 फ्रेम उजवीकडे, म्हणजे पुढे सरकवला आणि ओठ जागेवर आले. दहा-बारा मीटरपर्यंत फरक एका फ्रेमच्याही आत राहतो, तिथे डोकं खपवू नका.

मोबाईलबद्दल एकच सांगते. बरेच फोन व्हिडिओ करताना फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतात. अशा वेळी टेकच्या सुरुवातीला ओठ बरोबर आणि शेवटाकडे सुटत गेलेले दिसतात. वेग पक्का ठेवता येणारं कॅमेरा ॲप वापरा. आधीच शूट करून बसला असाल तर एडिटिंगपूर्वी HandBrake मध्ये Constant Framerate निवडून फाइल बदलून घ्या. आणि अख्खं गाणं एका टेकमध्ये घेण्याचा हट्ट नको. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा असे तुकडे करा, प्रत्येकाआधी चार टिकटिक घाला, नाहीतर पहिला शब्द दर वेळी हुकतो. तुकडे मात्र एकाच फायनल फाइलमधून कापलेले हवेत.

फायनल म्हणजे फायनल, आणि इथे मला कबुली द्यावी लागेल. शूट झाल्यावर मला दुसरा अंतरा आवडेना, म्हणून मी तो स्टुडिओत जाऊन पुन्हा गायले आणि शेवटी एक छोटी हरकत टाकली. चाल तीच, लय तीच, मला वाटलं कुणाला कळणार? पण श्वासाच्या जागा बदलल्या होत्या आणि हरकतीच्या वेळी पडद्यावरचं माझं तोंड बंद होतं. दादानं त्या अंतऱ्यावर नदी, पायऱ्या, झाडं असं काय काय टाकून वेळ मारून नेली. माझ्या चेहऱ्यापेक्षा कृष्णामाई जास्त दिसते याला जबाबदार मीच आहे, हे तो दर दिवाळीला सगळ्यांसमोर सांगतो.

हो, अजून एक. "पूर्ण दमानं गा" याला स्लो मोशनचा अपवाद आहे. 50 फ्रेमनं शूट करून 25 वर चालवायचं असेल तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं, म्हणजे हालचाल संथ दिसते पण ओठ गाण्याबरोबर राहतात. त्या वेगात सुरात गाणं कुणाच्या बापाला जमत नाही. तिथे शब्द नुसते मोठ्यानं, तोंड पुरतं उघडून म्हणायचे. आधी घरी दहा-बारा वेळा म्हणून बघा, जीभ अडखळते.

परवा दादाबरोबर एका प्री-वेडिंगच्या शूटला गेले होते. नवरामुलगा नुसता पुटपुटत होता तर दादा त्याच्यावर खेकसला, "अरे, मोठ्यानं गा की!" मी त्याच्याकडे बघितलं. तर म्हणतो, "तो बेसूर आहे. त्याचं वेगळं."