मुलीचं क्लासरूमचं खातं बंद होणार म्हणतंय: पालकांची मंजुरी की बाईंचा रिसेट?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे, वय ११. मीच तिचा जीमेल काढून गूगल क्लासरूमला जोडला होता. परवा यूट्यूबने जन्मतारीख विचारली, तिने खरी टाकली. ९ तारखेला मेल आला की वय बसत नाही, खातं बंद होईल. वर्गशिक्षिका म्हणतात, "पासवर्ड रिसेट करून देते." त्याने सुटेल का? मिस्टर मस्कतला असतात, मंजुरी त्यांच्या मेलवरून दिली तर चालेल का?

उत्तर:

ताई, बाई चुकीचं सांगत नाहीयेत, पण त्या बहुतेक वेगळ्याच खात्याबद्दल बोलताहेत. शाळा क्लासरूम वापरते म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला शाळेचा एक आयडी मिळाला असणार. कुठेतरी डायरीत किंवा वर्गाच्या ग्रुपवर सापडेल. त्यात @ च्या पुढे gmail.com नसतं, शाळेचं नाव असतं. बाई ज्याचा पासवर्ड बदलू शकतात ते हे खातं. तुम्ही काढलेल्या जीमेलला शाळेचा हातच लागत नाही. तिथे मंजुरी पालकांची, म्हणजे तुमची.

आधी तारखा बघू, कारण जीमेलचं घड्याळ चालू झालंय. वय कमी आहे असं लक्षात आलं की गूगल खातं बंद करण्याआधी १४ दिवस देतं. मेल ९ तारखेचा, म्हणजे २३ पर्यंत खातं चालू राहील. तोपर्यंत काही केलं नाही तर ते बंद होतं, आणि बंद झाल्यावर ३० दिवसांनी पुसलं जातं. त्यात तिचं ड्राइव्हही आलं. प्रकल्पाचे फोटो, डॉक्समध्ये लिहिलेले निबंध, जे काही त्या जीमेलच्या ड्राइव्हमध्ये आहे ते आजच उतरवून घ्या. पुढे खातं ठेवायचं की नाही हे नंतर ठरवता येईल, फायली नंतर मिळणार नाहीत.

भारतात स्वतःचं जीमेल खातं चालवायला वय १३ लागतं. हा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या गोपनीयतेच्या कायद्यातून आलाय. १३ च्या आतल्या मुलाची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, असा तो नियम. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ च्या आतलं प्रत्येकजण मूलच धरलंय. शाळेच्या खात्याला १३ ची अट नसते, कारण तिथे मुलाची जबाबदारी शाळा घेते आणि पालकांची संमती शाळेनेच घ्यायची असते. प्रवेशाच्या वेळी सह्यांचा जो गठ्ठा केलात, त्यात त्याचाही कागद असू शकतो.

आता जीमेल वाचवायचाच असेल तर दोन दारं आहेत. एक म्हणजे फॅमिली लिंक, म्हणजे ते खातं पालकांच्या देखरेखीखाली घेणं. मुलीच्या खात्यात लॉगिन केलं की वयाच्या सूचनेबरोबरच तो पर्याय दिसतो. तिथे पालकाचा गूगल आयडी टाकायचा, पालकाने संमतीचा मजकूर वाचून स्वतःचा पासवर्ड द्यायचा, झालं. संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे याचा पुरावा म्हणून कधीकधी कार्ड मागतात. पुढे मुलगी पासवर्ड विसरली तर तुम्हीच तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये तिच्या नावावर जाऊन तो बदलू शकता.

दुसरं दार म्हणजे ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड दाखवून वय सिद्ध करणं. ते तुमच्यासाठी नाही. तुमची मुलगी ११ चीच आहे. तिने तारीख चुकीची टाकलेली नाही. बरेच पालक इथे स्वतःचं कार्ड देऊन मोकळे होतात आणि खातं चालूही होतं, पण मग ते मोठ्या माणसाचं खातं ठरतं. यूट्यूबवर वयाची गाळणी राहत नाही, जाहिराती मोठ्यांच्या दिसतात. खऱ्या तारखेने अडलेलं काम खोट्या पुराव्याने सोडवायचं, हे मला पटत नाही.

मिस्टरांच्या मेलवरून मंजुरी देऊ नका. फॅमिली लिंकमध्ये पालक आणि मूल एकाच देशात असावे लागतात. त्यांच्या खात्याचा देश ओमान झाला असेल तर फॅमिली ग्रुपच जुळत नाही, आणि तिथली चूक वाचून काही बोध होत नाही. माणूस पासवर्डच चुकला समजून पुन्हापुन्हा टाकत बसतो. तुमचा स्वतःचा जीमेल असेल तर तोच वापरा.

आणखी एक अडचण सांगून ठेवतो. फॅमिली लिंकची सगळी रचना मुलाचा वेगळा फोन किंवा टॅब आहे असं धरून केलेली आहे. आई आणि मुलगी एकच फोन वापरत असतील तर मुलीचं देखरेखीखालचं खातं आईच्या खात्याशेजारी नीट नांदत नाही. घरात एकच फोन असेल तर जीमेलच्या मागे न लागता सरळ शाळेच्या खात्यावर जा, असं मी म्हणेन. गृहपाठ तिथेच अपेक्षित आहे. शिवाय कित्येक शाळा बाहेरच्या जीमेलला वर्गात येऊच देत नाहीत. तुमच्या शाळेने आजवर येऊ दिलं, उद्या ती सेटिंग बदलली तर पुन्हा हेच.

तर बाईंच्या रिसेटकडे येऊ. गूगलच्या शाळा-खात्यांत पासवर्ड बदलायचा अधिकार मुळात ॲडमिनचा, म्हणजे बहुतेक शाळांत संगणकाच्या सरांचा. बाई "करून देते" म्हणाल्या म्हणजे एकतर तो अधिकार त्यांना दिलेला आहे, नाहीतर त्या सरांकडून करून घेणार. सर ॲडमिन कन्सोलमध्ये मुलीचं नाव काढून Reset password करतात आणि सहसा Ask for a password change at next sign-in चालू ठेवतात. म्हणजे मिळालेला पासवर्ड फक्त पहिल्या लॉगिनपुरता. लगेच नवा मागतो, तो किमान ८ अक्षरांचा लागतो. हे पहिलं लॉगिन मुलीला शेजारी बसवून करा आणि नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. "पासवर्ड विसरलो" हे बटण या खात्यावर कामाचं नाही; दाबलं तरी ॲडमिनला भेटा एवढंच सांगतं.

एक विनंती बाईंनाही करा. कित्येक वर्गांत पूर्ण वर्गाला एकच पासवर्ड लावून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आयडी हजेरी क्रमांकावरून बनलेले असतात, त्यामुळे कुठलंही पोर दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकतं, आणि पहिलं लॉगिन त्यानेच केलं तर नवा पासवर्डही त्याचाच. तो फक्त तुम्हाला पाठवायला सांगा.

लॉगिन करताना ठरलेल्या जागी अडतं. पहिली जागा आयडीची. नुसता हजेरी क्रमांकाचा भाग टाकला तर फोन त्यापुढे आपोआप gmail.com धरतो आणि असं खातंच नाही म्हणतो. @ सकट पूर्ण पत्ता टाका. पासवर्ड टाइप करताना कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतोय का तेही बघा, डोळ्याचं चिन्ह दाबून. चार-पाचदा चुकलं तर थांबा. जास्त प्रयत्नांनी गूगलचा संशय वाढतो.

दुसरी जागा खरी त्रासाची. पासवर्ड बरोबर असतो, तरी Verify it's you असं पान येतं, कारण फोन नवा आहे आणि मुलीच्या खात्याला कुठला नंबर जोडलेला नाही. इथे पालक पुन्हा रिसेट मागतात, बाई पुन्हा करून देतात, आणि पुन्हा तेच पान येतं. हा पासवर्डचा प्रश्नच नाही. ॲडमिनला मुलीच्या नावावर Security मध्ये Login challenge ही ओळ सापडते, तिथे ती तपासणी १० मिनिटांसाठी बंद करता येते. दहाच मिनिटं असतात, म्हणून सरांना फोन लावून, दोघांनी ठरवून एकाच वेळी करायचं. संध्याकाळी घरी आल्यावर बघू म्हणालात की गेलं. Verify it's you आणि Login challenge हे शब्द बाईंना तसेच लिहून पाठवा. "लॉगिन होत नाही" एवढंच कळवलं की उत्तरात नवा पासवर्डच येतो.

आत गेल्यावरही वर्ग दिसला नाही तर घाबरू नका. क्लासरूम ॲप तुमच्याच जीमेलने उघडलेलं असतं. वर उजवीकडचा गोल फोटो दाबून मुलीचं शाळेचं खातं निवडा. वर्गात तिचं नाव आत्तापर्यंत जीमेलने असेल, तर बाईंना शाळेच्या आयडीने पुन्हा घ्यायला सांगा आणि जुनं नाव काढण्याआधी त्यावरचे गुण टिपून ठेवायला सांगा. गुण नव्या नावावर आपोआप सरकत नाहीत.

तुमच्या शाळेत गणितासाठी खान अकॅडमीही असेल तर तिथे हाच घोळ थोड्या निराळ्या रूपात भेटतो. शिक्षकांनी काढून दिलेल्या खात्याला ईमेल नसतो, नुसतं यूजरनेम असतं, म्हणून पासवर्ड विसरला तर ईमेलची वाट बघून उपयोग नाही. शिक्षक आपल्या वर्गाच्या यादीतून बदलून देतात. मुलीने स्वतः खातं काढलं असेल आणि वय १३ च्या आत असेल, तर पालकाचा ईमेल मागितला जातो आणि मंजुरीचा मेल तिथे जातो. तो मेल मस्कतला गेलेला नाही ना बघा. गेला असेल तर मिस्टरांनी तिथून मंजूर केला तरी चालेल, तिथे फॅमिली ग्रुपची भानगड नाही. शाळेच्या गूगल आयडीने खान उघडताना Access blocked असं येऊन ॲडमिनने ॲप तपासायला हवं असा मजकूर दिसला, तर त्यात बाईंना काही करता येत नाही. १८ च्या आतल्या खात्यांसाठी बाहेरचं प्रत्येक ॲप ॲडमिनने आधी मान्य करावं, असं २०२३ च्या अखेरीपासून आहे. सरांनी ते एकदा केलं की त्या ॲपपुरतं सगळ्या वर्गाचं सुटतं.

आज रात्री फायली उतरवून घ्या आणि शाळेचा आयडी शोधा. उद्या बाईंना विचारा की ॲडमिन कोण आणि ते कोणत्या वेळेत फोनवर भेटतात. जीमेलचं काय करायचं ते ठरवायला २३ पर्यंत वेळ आहे.