५०० पैकी ३०० फाइली तपासल्या, तर स्टँडर्ड एरर कसा काढायचा?

प्रश्न: एकूण ५०० फाइली आहेत. चिठ्ठ्या टाकून ३०० निवडल्या, एकच फाइल दोनदा नाही. फाइलीमागे सरासरी ४.२ चुका निघाल्या, s = ३. मी s/√n वापरलं, पण साहेब म्हणतात एरर जास्त दाखवलाय. खरंच का?

उत्तर: साहेबांचं बरोबर आहे. तुमचा s/√n म्हणजे ३/√३०० = ०.१७३. याला √(1 − n/N) ने गुणायचं. इथे n/N = ०.६, म्हणून √०.४ = ०.६३२, आणि खरा स्टँडर्ड एरर ०.११० येतो. ९५ टक्क्यांची मर्यादा ±०.३४ वरून ±०.२१ वर येते.

हा गुणक कुठून आला ते बघा. ३०० फाइलींतल्या चुका तुम्ही मोजल्याच आहेत, त्यांच्याबद्दल अंदाज करण्यासारखं काही उरलेलं नाही. अनिश्चितता आहे ती न उघडलेल्या २०० फाइलींची. तुमच्या सरासरीतली चूक म्हणजे तपासलेल्या आणि न तपासलेल्या फाइलींच्या सरासरीतला फरक, गुणिले ०.४. त्या फरकाचं व्हेरिअन्स s²(१/३०० + १/२००) धरा आणि ०.४ च्या वर्गाने गुणा, बरोबर s²/३०० × ०.४ मिळतं. पाचशेच्या पाचशे तपासल्या तर एरर शून्य होतो, आणि तो व्हायलाच हवा. साधं s/√n मात्र तेव्हाही ०.१३ दाखवत राहतं.

पुस्तकात √((N−n)/(N−1)) दिसलं तर गोंधळू नका. ते संपूर्ण समष्टीचा σ (भाजक N) माहीत असतो तेव्हाचं. नमुन्यातून n−1 ने भागून काढलेल्या s बरोबर 1 − n/N च वापरायचं. N मोठा असला की फरक नगण्य, इथे ०.४००८ आणि ०.४. नमुना ५ टक्क्यांचा असता तर एरर जेमतेम अडीच टक्क्यांनी घटला असता, म्हणून बहुतेक लोक तिथे दुरुस्ती करत नाहीत.

R च्या survey पॅकेजमध्ये हे आपोआप होत नाही, `fpc` स्वतः द्यावा लागतो:

```r
d$N <- 500
des <- svydesign(ids = ~1, data = d, fpc = ~N)
svymean(~chuka, des)
```

तो दिला नाही, तर नमुना परत टाकून उचलल्यासारखाच हिशेब होतो. आकडा ०.१७ च्या आसपास आला, तर `fpc` राहिलाय असं समजा.

आता महत्त्वाचं. ही दुरुस्ती फक्त ‘या ५०० फाइलींत सरासरी किती चुका आहेत’ एवढ्याच प्रश्नासाठी आहे. ‘या पद्धतीने काम चालू राहिलं तर पुढच्या फाइलींत सरासरी किती चुका पडतील’ असं विचारायचं असेल, तर पाचशेही नमुनाच ठरतात आणि ०.१७३ च योग्य. दोन महिन्यांच्या कामाची तुलना करणारी टी-टेस्टही याच दुसऱ्या प्रकारात मोडते, तिथे गुणक लावलात तर नसलेला फरकही ठळक दिसू लागेल. शिवाय ३०० चिठ्ठ्यांनी निवडलेल्या असाव्यात. हाताला लागल्या त्या उचलल्या असतील, तर उरलेल्या २०० वेगळ्याच निघू शकतात आणि त्याचा पत्ता या सूत्राला लागत नाही.