ऑक्टोबरचा एक अहवाल

‘ताई, माझे वय ३१, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची शेती आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. ऑक्टोबरात नमुना घरीच घेतला. मोटारसायकलने लॅबमध्ये न्यायला दोन तास लागले. अहवालात एका मिलीलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू आणि पुढे सरकणारे १२ टक्के असे आले. सप्टेंबरात फवारणीच्या दिवसांत आठवडाभर ताप होता. खर्राही चालू आहे. मला बाप होता येणार नाही का?’

भाऊ, या एका अहवालावरून तसे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि पुढे सरकणारे ३० टक्के ही खालची मर्यादा दिली आहे. पण वर्षभरात बाप झालेल्या शंभर पुरुषांपैकी सुमारे पाच जणांचे आकडे तिच्याही खाली असतात. तुमचे आकडे कमी आहेत, शून्य नाहीत.

नमुना तासाभरात तपासायला हवा. उशीर झाला किंवा तो थंड पडला, की शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यामुळे तुमच्या १२ टक्क्यांवर मला भरवसा वाटत नाही. संख्येचे कारण मात्र वेगळे असू शकते. शुक्राणू तयार होऊन बाहेर येईपर्यंत सुमारे तीन महिने लागतात, म्हणजे ऑक्टोबरच्या नमुन्यातले शुक्राणू जुलै-ऑगस्टपासून घडत होते आणि मधल्या तापाचा फटका त्यांना बसला असणार. अंडकोश शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहावे लागतात. जोराच्या तापानंतर संख्या काही आठवडे घसरते आणि पुढे बहुधा सावरते.

म्हणून दुसरी तपासणी जानेवारीत करा. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध टाळा, नमुना शक्यतो लॅबमधील खोलीतच द्या, साबण, तेल किंवा साधा निरोध वापरू नका. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक असतात, तेव्हा ते सांडले तर न लाजता सांगा.

खर्रा आजपासूनच सोडा, कारण त्यातील तंबाखूचा संबंध कमी संख्येशी आणि मंद हालचालीशी आढळला आहे, आणि सोडल्याचा परिणाम दिसायलाही तेच तीन महिने लागतील. कीटकनाशकांबाबतही अशीच शंका घेण्यास आधार आहे: पुढच्या हंगामात हातमोजे, मास्क आणि पूर्ण कपडे घालूनच फवारा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, आणि पाठीवरचा पंप गळत असेल तर ओले कपडे लगेच उतरवून अंग साबणाने धुवा. कोणी ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर मुळीच घेऊ नका, त्याने शुक्राणू बनणेच थांबू शकते.

जानेवारीतही आकडे कमी आले, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडून उभे राहून तपासून घ्या. अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, हे वारंवार आढळणारे आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारे कारण आहे. दरम्यान वहिनींच्या तपासण्या थांबवू नका.