पहिला आकडा बाजूला ठेव

वजनकाट्यावर ३१.८ टक्के चरबी बघून तू धसका घेतलास, आठ दिवस जिऱ्याचं पाणी प्यायलास आणि आता काटा २८.७ दाखवतोय, म्हणून जिऱ्याने चरबी उतरली म्हणतोस. पण वजन दोन्ही वेळा ८० किलोच. हिशोब करून बघ: एवढा फरक म्हणजे जवळपास अडीच किलो चरबी. ती गेली आणि वजन तेवढंच राहिलं, तर आठ दिवसांत अडीच किलो स्नायू चढायला हवेत. तसं होत नाही रे.

हा काटा चरबी थेट मोजत नाही. तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अडथळा बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी असलं किंवा टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असल्या की अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. त्या दिवशी तू उन्हातून घामाघूम होऊन आला होतास. शिवाय आकडा भलताच निघाला म्हणूनच तू जिरं शोधलंस. २८ आला असता तर शोधलं असतंस का? टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा नेहमीच्या सरासरीकडे सरकतोच, जिरं असो वा नसो.

आता सात दिवस सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी मोज. ती सरासरी तुझी सुरुवात. महिन्याने पुन्हा सात दिवस. रोजचा चढउतार दीड टक्क्याचा असेल आणि दोन सरासरींत अर्ध्या टक्क्याचाच फरक, तर एवढ्यात पेढे वाटू नकोस. काटा मुळातच जास्त दाखवत असेल, तर ती चूक मात्र सरासरीने जात नाही. पण दोन्ही वेळा चूक साधारण तेवढीच राहिली तर फरक कळतो, म्हणून काटा बदलू नकोस.