खण अडकलाय? रंधा आत्ता नको

नाशिकच्या पावसात लाकूड फुगून खण अडकला की नवखा माणूस मूठ हिसडतो. त्याने पुढची फळी सांध्यातून निघते. पंचवटीतल्या आमच्या जुन्या टेबलाची मी तीच गत केली होती.

वरचा खण निघत असेल तर तो काढा, आत हात घालून अडकलेला मागून ढकला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. निघाला की रिकामा करून दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात नको, फळी वाकते. कडांवर घासून चकाकलेले पट्टे दिसतील, तिथेच मेणबत्ती घासा.

रंधा दिवाळीनंतर, आणि सुकल्यावरही खण घासत असेल तरच. आत्ता तासलंत तर उन्हाळ्यात तो खुळखुळेल.