कमी पगार घ्यायचा, पण कसा?

"सात वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे. आता डेटा ॲनालिस्टचा जॉब मिळतोय, पण 9 लाख 60 हजारांवरून 7 लाखांवर यावं लागेल. हो म्हणू का? आणि एचआरला काय लिहू?"

चाकणहून आलेल्या या तरुणाला मी आधी ऑफरचं सॅलरी ब्रेकअप उघडायला लावलं. 7 लाखांच्या सीटीसीमध्ये 1 लाख व्हेरिएबल होतं, म्हणजे मिळालं तर मिळालं. उरलेल्या 6 लाखांतून दोन्ही बाजूंचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि प्रोफेशनल टॅक्स वजा केला, तर हातात येत होते साधारण 44 हजार. सध्या येतात 70. घरभाडं, बाइकचा हप्ता, आईवडिलांना पाठवायचे पैसे धरून महिन्याचा खर्च 48 हजार. खरी अडचण होती या 4 हजारांची. दर महिन्याला बचत मोडावी लागली, तर नव्या कामात जीव रमत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

मग मेल. पगार कमी करून येणाऱ्या माणसाबद्दल रिक्रूटरला एकच भीती असते: वर्षभरात जास्त पैसे मिळाले की हा जाणार. तिचं उत्तर मेलमध्ये हवं. "मला शिकायची आवड आहे" एवढ्यानं ते मिळत नाही. मेल इंग्रजीत गेला, आशय असा:

"माझा सध्याचा पगार जास्त आहे, तरी 7 लाखांचा एकूण आकडा मला मान्य आहे. ॲनालिस्ट म्हणून माझा अनुभव नवा आहे, म्हणून हा फरक मी समजून स्वीकारतो. गेलं वर्षभर मी लाइनवरच्या रिजेक्शनचा डेटा एसक्यूएलमध्ये तपासतोय, त्यामुळे हा निर्णय घाईचा नाही. दोन विनंत्या आहेत. एकूण रक्कम तीच ठेवून फिक्स 6 लाख 60 हजार करावं. आणि रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घ्यावा. तो कशावरून होईल हे ऑफर लेटरमध्ये लिहावं."

पहिल्या विनंतीनं कंपनीचा एकूण आकडा वाढत नाही, पण हातात 48 हजारांच्या थोडे वर येतात. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. तो नोव्हेंबरमध्ये रुजू होणार होता, आणि बऱ्याच कंपन्यांत ऑक्टोबरनंतर आलेल्यांना एप्रिलची वाढ मिळत नाही. म्हणजे हा कमी पगार सुमारे दीड वर्ष तसाच राहिला असता. "सहा महिन्यांनी बघू" असं फोनवर सांगणारा मॅनेजर तोवर बदललेला असू शकतो.

जॉब टायटल आणि वर्क फ्रॉम होमही मागायचं त्याच्या मनात होतं. मी नको म्हटलं. मागण्या वाढल्या की महत्त्वाची मागणीच घासाघिशीत जाते.

एचआरनं फिक्स मान्य केलं. आढावा घेऊ, पण वाढीची हमी नाही, असं कळवलं. ते रास्त होतं, त्यानं स्वीकारलं. सुधारित ऑफर लेटर हातात आल्यावरच त्यानं राजीनामा दिला.