फ्रीजचं खरं तापमान कसं बघायचं

प्रश्न: फ्रीजात थर्मामीटर ठेवलाय पण तो कधी ३ दाखवतो कधी ९. दूध तर दोन दिवसात नासायलंय. नेमका कोणता आकडा खरा धरायचा?

उत्तर: दोन्ही आकडे खरेच आहेत, पण ते हवेचे आहेत. दार उघडलं की गार हवा बाहेर अन् गरम हवा आत, कॉम्प्रेसर बंद पडला की चढतं, चालू झाला की उतरतं. दूध काही इतक्या लवकर तापत नाही, ते पाण्यासारखं हळूहळू बदलतं, म्हणून थर्मामीटर पाण्यातच ठेवायचा.

ताप बघायचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३२-३५ च्या खाली दाखवतच नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या, डिस्प्ले बाहेर राहतो. आधी एका ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरा, त्यात थोडं पाणी टाका, सेन्सर हलवत पाच मिनिटं ठेवा, ० दाखवायला पाहिजे. १ दाखवला तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून १ वजा करायचा. मग साध्या पाण्याचा ग्लास मधल्या कप्प्यात, सेन्सर पाण्यात बुडवून रात्रभर. सकाळी दार उघडायच्या आधी एकदा बघा अन् संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर एकदा. खरी गंमत या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

परभणीला आमच्या ताईकडं मे महिन्यात असंच झालं होतं, सिंगल डोअर फ्रीज, वरून पत्रे. वजाबाकी करून सकाळी ४, संध्याकाळी ९. मेकॅनिक म्हणला गॅस भरा, मी म्हणलं थांब ताई, गॅस कमी असता तर रात्रभर बंद दारात सुद्धा ४ पर्यंत उतरलं नसतं. म्हणजे मशीन ठीक आहे, दिवसाची उष्णता त्याला झेपत नाही. फ्रीज भिंतीला चिकटलेला, मागच्या जाळीवर धूळ, अन् भर दुपारी पाण्याच्या बाटल्या भरून आत. प्लग काढून जाळी ब्रशनं झाडली, फ्रीज वीतभर पुढं ओढला, बाटल्या रात्री भरायला लावल्या अन् दूध दारातून काढून चिलरच्या खाली ठेवलं, कारण दारातला कप्पा सगळ्यात गरम. त्यानंतर संध्याकाळी ५ च्या आसपास यायला लागलं.

तुम्हाला दोन्ही वेळा ४-५ च्या आत पाहिजे. सकाळीच ६-७ असेल तर नॉब एक घर वाढवा (नॉबवरचा आकडा म्हणजे डिग्री नाही, बहुतेक फ्रीजात मोठा आकडा म्हणजे जास्त गार) अन् पूर्ण एक दिवस जाऊ द्या, लगेच परत फिरवू नका. ० च्या जवळ गेलं तर मेथी-कोथिंबीर गोठून काळी पडते, मग एक घर कमी करा.

अन् नॉब फुल करूनही सकाळी ८-९ च असेल, तर आधी दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघा, सहज निसटला तर रबर गेलंय. रबर घट्ट आहे, कॉम्प्रेसर थांबतच नाही अन् चिलरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरायलाय, असं असलं तर मात्र मेकॅनिकला बोलवा, तेव्हा गॅसचाच संशय धरायचा.